सात वर्षं फटाक्यांत घोरणारा मोती अचानक थरथरायला का लागला: एका घरातल्या दोन कुत्र्यांची केस

केस एकाच घरातल्या दोन कुत्र्यांची आहे, नावं बदललीयत. चिकू चार वर्षांची, मध्यम अंगाची, मिश्र जातीची कुत्री, आणि ही पिल्लू असल्यापासूनच फटाक्यांना घाबरते. मोती साडेसात वर्षांचा, लॅब्राडोरच्या वळणाचा दांडगा गडी, वजन ३८ किलो, आणि हा आयुष्यभर कशालाच घाबरला नव्हता. बाहेर फटाके वाजतायत आणि हा खिडकीखाली घोरत पडलाय, असला प्रकार. मग गेल्या सात-आठ महिन्यांत त्याचंच सगळं फिरलं. आधी मोठ्या फटाक्यांना घाबरायला लागला, मग ढग गडगडले की थरथर, आणि नंतर तर गच्चीवर पाऊलच टाकेना, आवाज असो वा नसो. घरच्यांचा निष्कर्ष आधीच ठरला होता, चिकूचं बघून मोती बिघडला. "डॉक्टर, दोघांनाही झोपेचं काहीतरी द्या, म्हणजे फटाक्यांच्या रात्री तरी निभतील," असं त्यांच्या मालकीणताई म्हणाल्या.

मला ही केस लिहावीशी वाटली कारण बाहेरून बघितलं तर दोघांची भीती अगदी सारखी दिसत होती. तेच थरथरणं, त्याच धापा, तेच बाथरूममध्ये जाऊन दडणं. पण दोघांची कारणं पूर्ण वेगळी निघाली आणि एकाचे उपाय दुसऱ्याला दिले असते तर काही उपयोग झाला नसता.

आधी आवाज झाल्यावर कुत्र्याच्या अंगात होतं काय ते बघू. लोक पटकन म्हणतात की कुत्र्याचे कान तिखट, म्हणून त्याला फटाक्याचा त्रास. तिखट आहेतच, माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, शिवाय वरच्या पट्टीतले बारीक आवाजही त्याला आपल्यापेक्षा कितीतरी हळू असताना कळतात. पण नुसत्या कानांनी उत्तर पूर्ण होत नाही, कारण मग सगळेच कुत्रे घाबरले असते, आणि मोतीचे कान तर सात वर्षं तेच होते की. खरी गोष्ट कानाच्या पुढे सुरू होते. अचानक मोठा आवाज झाला की तो कानातून थेट मेंदूच्या बुंध्याशी जातो आणि विचारबिचार काही न होता मान, पाठ, पाय हे सगळे स्नायू एका झटक्यात आवळले जातात. हे झालं दचकणं, ते तुम्हालाही होतं, मलाही होतं. दचकल्यावर मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग ठरवतो की हे सोडून द्यायचं का धोका समजायचं. धोका समजलं की अॅड्रिनलिन सुटतं, हृदय धडधडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते आणि स्नायू पळायच्या तयारीत ताणलेले राहतात पण पळायला वाट नसते, आणि मग ती थरथर दिसते. लपण्याचंही तसंच आहे. आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही, त्याच्यावर भुंकून तो जात नाही, पळालं तरी मागे येतो, मग उरतं काय तर जिथे खिडकी नाही, आवाज दबतो आणि पाठ भिंतीला टेकते अशी जागा. बाथरूम, पलंगाखाली, कपाटामागे. कुत्रा तिथे जाऊन मूर्खपणा करत नसतो, त्याच्या परीने त्याने घरातली सगळ्यात शहाणी जागा शोधलेली असते.

आणि हे लवकर ओसरत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्याच घरी रेकॉर्ड केलेलं वादळ ऐकवलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन मोजलं, तर ते तिपटीपर्यंत चढलं आणि ४० मिनिटं झाली तरी मूळ पातळीवर आलं नव्हतं. आता फटाके वाजतात कसे ते बघा. एक झाला, दोन मिनिटांनी दुसरा, मग दहा मिनिटं शांत, मग एकदम माळ. म्हणजे पुढचा प्रत्येक आवाज आधीच ताणलेल्या शरीरावर येऊन आदळतो. त्यामुळे "ऐकून ऐकून सवय होईल" हे घाबरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं, सवय व्हायच्या ऐवजी तो दर वेळी आणखी हलक्या आवाजाला उडायला लागतो.

ढगांचं अजून एक आहे. फटाका काही न सांगता फुटतो, पण वादळ येण्याआधी वारा सुटतो, अंधारून येतं, हवेचा दाब पडतो, वीज आधी चमकते आणि आवाज मागून येतो. कुत्रा हा क्रम शिकतो. म्हणून ढगांना घाबरणारी कुत्री आपल्याला काही कळायच्या आधीच येरझाऱ्या घालायला लागतात. यावरून अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेचीही एक थिअरी निघाली होती, की तिचा झटका लागतो म्हणून कुत्री बाथटबमध्ये जाऊन बसतात, आणि त्यासाठी खास अस्तराची अंगडीही निघाली. २००९ मध्ये कोणीतरी ती अंगडी साध्या अंगड्यांशी ताडून बघितली आणि दोन्हींचा उपयोग जवळपास सारखाच निघाला. असो.

आता चिकू. तिची केस तशी पुस्तकातल्यासारखी आहे. ती घरी आली तेव्हा चार महिन्यांची होती, त्याआधी कुठे कशी वाढली कोणालाच माहीत नाही. पिल्लाचा तिसरा आठवडा ते बारा-चौदावा आठवडा हा काळ असा असतो की तेव्हा जे आवाज, माणसं, जागा शांतपणे अनुभवल्या जातात त्या पुढे "नेहमीच्या" यादीत बसतात. तो काळ एखाद्या शांत बंद जागेत गेला किंवा नुसता भेदरण्यात गेला तर पुढे कितीही लाड करा, पाया थोडा कच्चाच राहतो. त्यात वर आनुवंशिकता. नॉर्वेमध्ये २०१५ साली १७ जातींच्या पाच हजारांहून जास्त कुत्र्यांची पाहणी झाली, त्यात साधारण २३ टक्के कुत्री आवाजाला घाबरणारी निघाली, पण जातींमधला फरक मोठा होता, नॉर्वेजियन बुहुंड आणि व्हीटन टेरियर वरच्या टोकाला आणि बॉक्सर, ग्रेट डेन खालच्या टोकाला. म्हणजे दचकल्यावर "सोडून दे" म्हणायचं का "धोका" म्हणायचं, हा कल काही प्रमाणात जन्मासोबतच येतो. चिकू एकटी राहिली की रडते, दार खरवडते, हेही ताईंनी बोलता बोलता सांगितलं, आणि ते जुळणारंच आहे, आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती बऱ्याच कुत्र्यांत जोडीने राहतात.

मोती यातल्या कशातच बसेना. जीन्स सातव्या वर्षी बदलत नाहीत आणि बालपण तर केव्हाच संपलेलं. चिकूचं बघून शिकला म्हणावं तर ती तीन वर्षांहून जास्त त्याच्यासोबत आहे, दर वेळी त्याच्यासमोर थरथरली आणि हा शेजारी घोरत राहिला, मग आत्ताच काय झालं? मोठ्या वयात, काही कारण न दिसता आवाजाची भीती नव्याने सुरू झाली की माझ्या डोक्यात पहिला संशय दुखण्याचा येतो. (फार म्हातारा कुत्रा असेल तर ऐकू कमी येणं आणि मेंदूची झीज हेही बघावं लागतं. मोती तेवढा म्हातारा नाही, आणि पाकिटाची कुरकुर दुसऱ्या खोलीतून ऐकून तो हजर होतो.)

म्हणून मी ताईंना फटाक्यांबद्दल विचारायचं थांबवून बाकीच्याच गोष्टी विचारत बसलो. झोपून उठताना कसा उठतो? म्हणाल्या, हल्ली जरा वेळ घेतो, वय झालंय ना. जिना? चढतो, पण उतरताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो, सशासारखा. चिकूशी खेळणं? बंदच झालंय, उलट ती येऊन आदळली की गुरगुरतो, म्हणून आम्हाला वाटलं भीतीने चिडका झालाय. आणि मग मी विचारलं, पहिल्यांदा घाबरला तो प्रसंग नीट आठवतोय का? ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, गच्चीवर पडला होता, झोपेतच होता, जवळच मोठा बाण फुटला, तर हा ताडकन उठला आणि केकाटला.

केकाटला हा शब्द मी अधोरेखित करून ठेवला. नुसता दचकलेला कुत्रा उडतो, पळतो, भुंकतो, पण केकाटणं हे सहसा दुखल्याचं असतं.

तपासणीत मग ते दिसलंच. चालताना वजन पुढच्या पायांवर टाकत होता, डावी मांडी टेपने मोजली तर उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक, म्हणजे तो पाय बरेच दिवस कमी वापरात होता. खुब्याचा सांधा मागे ताणला की मान वळवून माझ्या हाताकडे बघायचा आणि ओठ चाटायचा, ओरडला मात्र एकदाही नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, सांधे दुखणारा कुत्रा दिवसभर कण्हत बसत नाही, तो गोष्टी करायच्या सोडून देतो एवढंच. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांत संधिवाताचे बदल होते, डावीकडे जास्त. एक्स-रेवर एक भरवसा ठेवायचा नाही तो म्हणजे दुखण्याच्या मापाचा, फार वाईट दिसणारा सांधा कधी कमी दुखतो आणि बरा दिसणारा जास्त. म्हणून हाताने केलेली तपासणी आणि घरचे व्हिडिओ मी एक्स-रेइतकेच महत्त्वाचे धरतो.

आता खुब्याचा आणि फटाक्याचा संबंध काय? वर दचकण्याचं सांगितलं ते परत आठवा, सगळे स्नायू एका झटक्यात आवळले जातात. निरोगी सांध्याला त्याचं काही वाटत नाही. पण सुजलेल्या, झिजलेल्या सांध्याभोवतीचे स्नायू असे आवळले गेले, त्यात कुत्रा पडल्या जागेवरून ताडकन उठला, तर कळ येते. कुत्र्याच्या हिशेबाने आवाज झाला आणि मागोमाग दुखलं. त्याला संधिवात कळत नाही, त्याला एवढंच कळतं की हा आवाज चावतो. दोन-चार वेळा तसं झालं की आवाजच दुखण्याची खूण होऊन बसतो, मग अंग आधीच ताठ, ताठ अंगाला पुढचा दचका आणखी दुखतो, आणि चक्र सुरू. शिवाय दुखणं ज्या जागी झालं ती जागासुद्धा त्या हिशेबात जाते, म्हणून मोतीने गच्ची सोडली. ढगांचा गडगडाट लांबच्या मोठ्या फटाक्याच्या धमाक्यासारखाच ऐकू येतो, तोही आत आला.

हे मी मनाने रचलेलं नाही. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या केसेस ताडून बघितल्या, १० जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं आणि १० जणांना नव्हतं. दुखणं असलेल्यांमध्ये भीती सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि ती आवाजापुरती न राहता जागांवर पसरली होती, आणि ही कुत्री इतर कुत्र्यांना टाळायची. अभ्यास लहान आहे, २० म्हणजे काही फार नाहीत, पण मोतीचं वर्णन त्यात ओळीने बसतं, उशिरा सुरुवात, गच्ची, चिकूवर गुरगुरणं.

उपचारात मी सुरुवातीचे चार आठवडे मोतीला फक्त दुखण्याचं औषध दिलं, दुसरं काही मुद्दाम केलं नाही, कारण सगळं एकदम सुरू केलं की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. रक्त तपासून, किडनी-लिव्हर ठीक आहे बघून, कुत्र्यांसाठीचं सूज आणि वेदना कमी करणारं औषध. इथे एक कडक सूचना, घरातली माणसांची पेनकिलर कुत्र्याला द्यायची नाही, आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतो आणि किडनी जाते, पॅरासिटॅमॉलही आपल्या मनाने नाही. सोबत गुळगुळीत फरशीवर चटया, जिना बंद, आणि खाणं मोजून, लक्ष्य ३३ किलो.

दोन आठवड्यांत उठणं सोपं झालं, तिसऱ्या आठवड्यात चिकू येऊन धडकली तर नुसता बाजूला झाला. मग एका रात्री ढग गडगडले आणि मोती परत थरथरला. ताईंचा फोन आला, निराश होत्या, म्हणजे दुखण्याचा काही संबंध नव्हताच ना? होता. पण दुखणं थांबलं म्हणून आठवण पुसली जात नाही. औषधाने एवढंच होतं की इथून पुढचा आवाज आता दुखत नाही, म्हणजे नवीन शिकायला जागा होते. ते नवीन शिकवणं वेगळं करावं लागतं, आणि दुखणं तसंच ठेवून ते शिकवायला गेलं तर दर धमाक्याला आपली मेहनत वाया.

शिकवायची पद्धत साधी आहे, पण क्रम चुकला की उलटी पडते. आवाज झाला की लगेच, एक-दोन सेकंदांत, सगळ्यात आवडता खाऊ, तोही फक्त याच वेळी मिळणारा. कुत्र्याने बसून दाखवायचं नाही, हात द्यायचा नाही, काही कमवायचं नाही, आवाज झाला म्हणून खाऊ पडला एवढंच. आधी आवाज, मग खाऊ. डबा आधी काढून उभे राहिलात तर कुत्रा शिकतो की हा डबा निघाला म्हणजे आता धमाका होणार, आणि मग तो डब्यालाच घाबरतो, मी अशी कुत्री बघितलीयत. खाऊ तोंडाशी धरूनही घेत नसेल तर भीती फार वर गेलीय, तेव्हा शिकवणं बंद, नुसता आधार. स्वित्झर्लंडमधल्या एका संशोधिकेने १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं तेव्हा या पद्धतीने फायदा झाला म्हणणारे ७० टक्क्यांच्या आसपास होते, घट्ट बसणाऱ्या अंगड्यांना ४४ टक्के, आणि वनौषधी, सुगंधी डिफ्यूझर वगैरेंना साधारण एक तृतीयांश. मालकांचं मत आहे ते, मोजमाप नाही, पण फरक पुरेसा मोठा आहे.

रेकॉर्डिंग लावून सरावही केला, इतक्या कमी आवाजात की मोतीचा नुसता कान हलावा. त्याची मर्यादा ही की फोनचा किंवा साधा स्पीकर खालचा घुमणारा सूर काढूच शकत नाही, आणि हवेचा दाब, वीज, जमिनीची थरथर त्यात नसतेच, म्हणून रेकॉर्डिंगला शांत असणारा कुत्रा खऱ्या वादळात घाबरला तर दचकून जाऊ नका.

ताईंच्या बाबांनी घरात नियम केला होता की घाबरलेल्या कुत्र्याकडे बघायचंसुद्धा नाही, नाहीतर भीतीचे लाड होतात. मी म्हटलं, बाबा, भीती ही काही त्याने केलेली युक्ती नाही की बक्षीस दिल्याने तो ती जास्त करेल. तो जवळ आला तर खुशाल घ्या. फक्त बाथरूममधून ओढून बाहेर काढू नका आणि बाथरूमचं दार कधी बाहेरून बंद करू नका.

चिकूला मात्र एवढ्याने भागणार नव्हतं. खाऊची पद्धत तिच्यावर हलक्या आवाजात चालली, पण फटाक्यांच्या मोठ्या रात्री ती खातच नाही. तिथे औषध लागतं, पण ताईंनी मागितलेलं "झोपेचं" नाही. पूर्वी सर्रास देत असत ते एसप्रोमाझिन एकट्याने दिलं तर कुत्रा गपगार पडतो, घरच्यांना बरं वाटतं, पण आतली भीती तशीच राहते आणि काही कुत्री आवाजाला उलट जास्त दचकतात. चिकूला हिरडीला लावायचं डेक्समेडेटोमिडिनचं जेल दिलं, हे युरोपमध्ये २०१५ ला आणि नंतर अमेरिकेतही खास आवाजाच्या भीतीसाठी मंजूर झालं. ते गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायचं, गिळलं गेलं तर असर कमी होतो, लावताना आपल्या हातात ग्लोव्हज हवेत, आणि आवाज सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी किंवा भीतीची पहिली चिन्हं दिसताच. पहिला डोस एका शांत दिवशी देऊन बघितला, किती गुंगी येते ते कळावं म्हणून. मोठ्या रात्री पहिल्यांदा औषध देणं मला पटत नाही.

फरक मोजायला मी थरथर किती जोरात आहे ते विचारत नाही, सावरायला किती वेळ लागला ते विचारतो. मोती आधी फटाक्यांच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खायचा नाही. सहा महिन्यांनी ढग गडगडले की उठून ताईंकडे येतो आणि खाऊची वाट बघतो, जवळ मोठा फटाका फुटला तर अजून थरथरतो, पण पंधरा-वीस मिनिटांत चटईवर आडवा. चिकू जेल लावलं की बाथरूमच्या दारात पडून राहते, आत जात नाही, आणि जेल नसेल तर अजूनही तशीच आहे जशी होती. तिला रोजचं, दीर्घकाळ चालणारं औषध सुरू करायचं का यावर आमचं बोलणं चालू आहे, कारण तिचा एकटेपणाचा प्रश्नही त्याच धाग्यातला आहे.

मोतीचं वजन साडेचौतीसवर आलं तेव्हा दुखण्याच्या औषधाचा डोस कमी करून बघितला. दहाएक दिवसांत तो परत चिकूवर गुरगुरला, आणि त्याच आठवड्यात लांबच्या गडगडाटाला, ज्याला तो आता मानही वर करत नव्हता, उठून बाथरूममध्ये गेला. डोस पूर्ववत केला, पुढच्या गडगडाटाला तो परत चटईवरच होता. गच्चीवर तो अजून जात नाही आणि आम्ही नेतही नाही, जिना चढायचा तिथे.